वक्त्याला विचारताना

तुळजापूर,
1 सप्टेंबर 2025

चि. सोनूस,


तू पाठवलेला पत्राचा मसुदा वाचला. भाषा छान, पण त्यातली एक ओळ तुला अडचणीत आणील : ‘पाण्याविषयी एखादे व्याख्यान द्याल का, ऑक्टोबरमध्ये कधीही चालेल.’ पुण्याच्या भूजल अभ्यासकांना हे पत्र मिळेल तेव्हा ते होही म्हणू शकणार नाहीत आणि नाहीही. बोलायचे काय, किती वेळ, कोणत्या दिवशी, मानधन आहे की नाही, यातले काहीच त्यांच्या हाती नाही. मीही एकदा असेच लिहिले होते. ‘हो, जमेल’ असे उत्तर आले, आम्ही फलक लावला, आणि त्या दिवशी पाहुणे दुसऱ्या गावी होते. त्यांनी होकार महिन्याला दिला होता, मी तो तारखेला धरला.

आधी विषय. ‘पाणी’ हा विषय नव्हे. तुझे श्रोते आपल्या तालुक्यातले विहीरवाले शेतकरी. आपल्याकडे काळा बेसाल्ट, त्यात पाणी साठते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. म्हणून लिही : ‘पावसाळा संपल्यावर विहिरीची पातळी कशी मोजावी आणि त्यावरून रब्बीचे पीक कसे ठरवावे.’ भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पावसाळ्यानंतरची नोंद ऑक्टोबरमध्ये घेते, तेव्हा त्या महिन्यातच हे बोलणे कामाचे. नोव्हेंबरात बरीचशी पेरणी आटोपलेली असेल.

तारखा तीन दे, आणि आपल्या गावाचे पंचांग पाहून दे. घटस्थापना 22 सप्टेंबरला, दसरा 2 ऑक्टोबरला, कोजागरी 6 तारखेला. तोपर्यंत सोलापूरकडून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते भरलेले असतात, घरोघर पाहुणे असतात. पुढेही मंगळवार आणि शुक्रवार टाळ. ज्यांची पूजेची ताटे, प्रसादाची दुकाने आहेत, त्यांना त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. मग उरलेल्या दिवसांतून गुरुवार 9, शनिवार 11 आणि बुधवार 15 ऑक्टोबर हे निवड. वार मुद्दाम लिही. तारीख चुकली तर वार जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. वेळ धारा काढून झाल्यावरची, सायंकाळी साडेसात. नुसते ‘साडेसात’ लिहू नकोस.

हेच तीन दिवस एकाच वेळी दुसऱ्या वक्त्याला कळवू नकोस. दोघांनी 11 तारीख पकडली तर एकाला नाही म्हणावे लागेल. म्हणून उत्तराची मुदत घाल, आणि ती उलटल्यावर फोन करून मगच दुसरीकडे वळ.

व्याख्यान ऑनलाइन आहे, तेव्हा अवधी सांगताना त्यांचा एकूण वेळ सांग : बोलणे 40 मिनिटे, प्रश्न 20 मिनिटे, आणि आवाज-चित्र तपासायला 15 मिनिटे आधी. झूमचे मोफत खाते असेल तर बैठक 40 मिनिटांत तुटते, म्हणजे तपासणीपासून धरले तर बोलणे ऐन रंगात असताना. तुझ्या संस्थेचे खाते कोणते आहे ते आजच विचार.

मानधनाला तू संकोचलीस, हे मसुद्यात दिसते. ‘यथाशक्ती’ हा शब्द काढून टाक. त्यांनाच आकडा विचारायला लावणे हे अधिक अवघड असते. 2,500 रुपये ठरले आहेत तर तेच लिही. कर कापणार असाल तर हा आकडा कापण्याआधीचा की नंतरचा, पैसे किती दिवसांत आणि कसे, हेही. ध्वनिचित्रमुद्रण नंतर दाखवायचे असेल तर त्याची परवानगी याच पत्रात माग. मानधन एका बोलण्याचे असते, वर्षभर दाखवत राहण्याचे नव्हे. पॅन आणि बँकेचा तपशील मात्र होकारानंतर.

पत्राचा गाभा असा ठेव :

‘आपण वरील विषयावर सायंकाळी 7.30 ते 8.30 ऑनलाइन बोलावे, ही विनंती. तपासणीसाठी 7.15 ला जोडावे लागेल. गुरुवार 9, शनिवार 11 किंवा बुधवार 15 ऑक्टोबर 2025 यांपैकी आपल्याला कोणता दिवस मोकळा आहे? मानधन 2,500 रुपये, करकपातीपूर्वी, कार्यक्रमानंतर सात दिवसांत बँक खात्यात. मुद्रण फक्त सहभागी शेतकऱ्यांना दाखवू. आपली हरकत असल्यास करणार नाही. सोमवार 15 सप्टेंबरपर्यंत कळवावे. तिन्ही दिवस अडचणीचे असल्यास आपल्या सोयीचा दिवस सुचवावा.’

उत्तर ‘शक्यतो 11 ला बघू’ असे आले तर तो होकार समजू नकोस. ‘शनिवार 11, सायंकाळी 7.30 निश्चित धरू का?’ एवढेच पुन्हा विचार. त्यावर ‘हो’ आले की मग फलक छाप, आणि उरलेले दोन दिवस मोकळे केल्याचे त्यांनाही कळव, कारण त्यांनी ते तुझ्यासाठी अडवून ठेवले असतील.

नवरात्रात घरी ये. तोवर उत्तर आलेले असेल.

तुझी,
आत्या