घटक ४ : मोबाईल व्हिडिओ-संपादनाच्या पाठाची अधिमाहिती

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• ॲप, वैशिष्ट्य आणि अंतिम परिणाम या तीन घटकांनी युक्त असे शीर्षक लिहिणे.
• पाठाच्या आशयाशी जुळणारे वर्णन आणि प्रकरणांची यादी तयार करणे.
• अधिमाहिती आणि आशय यांतील विसंगती ओळखून ती दुरुस्त करणे.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण व्हिडिओ-पाठाची संहिता कशी लिहावी याचा विचार केला. संहिता पाठाच्या आत असते. अधिमाहिती पाठाच्या बाहेर असते. शीर्षक, वर्णन, प्रकरणांची वेळपत्रिका आणि टॅग हे यूट्यूबवरील अधिमाहितीचे प्रमुख भाग होत. व्हिडिओ उघडण्यापूर्वी प्रेक्षकाला त्याच्याविषयी जे कळते, ते मुख्यतः शीर्षकातून आणि सोबतच्या लघुचित्रातून. शिकण्यासाठी आलेल्या प्रेक्षकाच्या मनात तीन प्रश्न असतात : हे कोणत्या ॲपमध्ये केले आहे? त्यातील कोणते साधन वापरले आहे? शेवटी माझ्या हाती काय येईल? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणे हे अधिमाहितीचे काम आहे.

४.३ विवेचनासाठी निवडलेला पाठ

असे समजू की, इतिहासाच्या एका शिक्षिकेने हिरव्या कापडासमोर उभे राहून रायगडाविषयी माहिती सांगितली आहे. त्या चित्रणातील हिरवा रंग काढून मागे रायगडाचे छायाचित्र कसे आणावे, हे आपल्या पाठात शिकवायचे आहे. त्यासाठी KineMaster हे ॲप आणि त्यातील Chroma Key हे वैशिष्ट्य वापरले आहे. विशिष्ट रंगाचा भाग पारदर्शक करणे, हे या वैशिष्ट्याचे कार्य होय.

कृती थोडक्यात अशी आहे. प्रथम रायगडाचे छायाचित्र मुख्य पट्टीवर ठेवावे. नंतर शिक्षिकेचे चित्रण Layer म्हणून त्यावर घ्यावे. तो थर निवडून Chroma Key सुरू करावे, काढायचा रंग हिरवा असल्याची खात्री करावी आणि तेथील पट्ट्या सरकवून कडा स्वच्छ कराव्यात. यातील थराची अट महत्त्वाची आहे. हिरव्या पडद्याचे चित्रण मुख्य पट्टीवरच ठेवले, तर पुढची कृती साधत नाही. म्हणून Layer हा शब्द वर्णनात आणि प्रकरणांच्या यादीत येणे आवश्यक ठरते.

४.४ शीर्षकाची रचना

यूट्यूबवर शीर्षकाला १०० चिन्हांची मर्यादा आहे. मोबाईलच्या यादीत मात्र लांब शीर्षकाचा उत्तरार्ध अनेकदा कापला जातो. मराठीच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि प्रश्नार्थक शीर्षकात ‘कसे बदलावे’ यासारखा अर्थवाही भाग टोकाला जातो. शीर्षक कापले गेले, की नेमका तोच भाग नाहीसा होतो. म्हणून येथे पूर्ण वाक्यापेक्षा नामपदांची रचना अधिक उपयुक्त ठरते. पुढील तीन शीर्षकांची तुलना करा.

(अ) मोबाईलवर भन्नाट व्हिडिओ एडिटिंग! एकदा बघाच
(आ) KineMaster मध्ये व्हिडिओची पार्श्वभूमी कशी काढावी?
(इ) KineMaster Chroma Key : हिरव्या पडद्याजागी हवे ते छायाचित्र

शीर्षक (अ) मध्ये तीनपैकी एकही घटक नाही. ‘भन्नाट’ हे विशेषण कोणत्याही व्हिडिओला लावता येईल.

शीर्षक (आ) वरवर निर्दोष वाटते. पण त्यातील दोष अधिक गंभीर आहे. त्यात वैशिष्ट्याचे नाव नाही. KineMaster मध्ये हिरव्या पडद्याविनाही व्यक्तीमागील पार्श्वभूमी काढणारे Magic Remover नावाचे वेगळे साधन आहे. घरातील साध्या भिंतीसमोर चित्रण केलेला प्रेक्षक हे शीर्षक वाचून येईल, आणि पाठात हिरवे कापड दिसताच निघून जाईल. शिवाय ‘काढावी’ या क्रियापदाने परिणाम अर्धाच सांगितला जातो; पार्श्वभूमी काढल्यानंतर तेथे काय येणार, हे कळत नाही.

शीर्षक (इ) मध्ये ॲप, वैशिष्ट्य आणि परिणाम क्रमाने आले आहेत. ‘हिरव्या पडद्याजागी’ या एका पदाने पूर्वअटही सांगितली गेली आहे. येथे ‘रायगडाचे छायाचित्र’ असे न म्हणता ‘हवे ते छायाचित्र’ असे म्हटले आहे, कारण शिकवलेली कृती कोणत्याही छायाचित्राला लागू पडते. रायगडाचे उदाहरण वर्णनात द्यावे.

ॲपचे आणि वैशिष्ट्याचे नाव पडद्यावर ज्या लिपीत दिसते, त्याच लिपीत शीर्षकात लिहावे. विद्यार्थ्याला ती अक्षरे स्वतःच्या मोबाईलवर शोधायची असतात. Chroma Key ऐवजी ‘वर्ण-कळ’ असा प्रतिशब्द घडवला, तर त्याला ते बटण सापडणार नाही.

४.५ वर्णन आणि प्रकरणे

वर्णनासाठी ५,००० चिन्हांची मुभा असली, तरी सुरुवातीच्या दोन ओळीच सहज दृष्टीस पडतात. त्यांत परिणाम आणि पूर्वअट पूर्ण वाक्यांत सांगावी. नमुना पाहा :

“हिरव्या कापडासमोर केलेल्या चित्रणामागे रायगडाचे छायाचित्र कसे आणावे, हे या पाठात दाखवले आहे. चित्रण हिरव्या पडद्यासमोर केलेले असणे आवश्यक आहे. पाठ अँड्रॉइड मोबाईलवर केला आहे. ॲपच्या विनामूल्य आवृत्तीत तयार व्हिडिओवर KineMaster चे चिन्ह उमटते.”

शेवटचे वाक्य वगळण्याचा मोह होतो. परंतु ते अंतिम परिणामाचाच भाग आहे. ते लपवले, तर सर्व कृती अचूक करूनही विद्यार्थ्याला आपले काहीतरी चुकले असे वाटेल.

त्याखाली प्रकरणांची यादी द्यावी :

```
0:00 अंतिम व्हिडिओ आणि लागणारे साहित्य
0:35 मुख्य पट्टीवर छायाचित्र ठेवणे
1:20 चित्रण Layer म्हणून घेणे
2:10 Chroma Key सुरू करणे
3:40 कडेची हिरवी झाक घालवणे
5:15 व्हिडिओ जतन करणे
```

पहिली वेळ 0:00 असावी, किमान तीन नोंदी चढत्या क्रमाने असाव्यात आणि प्रत्येक प्रकरण निदान १० सेकंदांचे असावे. यांपैकी एखादी अट मोडली, तर प्रकरणे तयार होत नाहीत. वेळा इंग्रजी अंकांत लिहाव्यात.

टॅगचे महत्त्व मर्यादित आहे. नावाचे लेखन लोक वेगवेगळ्या प्रकारे करतात, तेथेच त्यांचा उपयोग होतो. उदाहरणार्थ, ‘kine master’, ‘काइनमास्टर’, ‘किनेमास्टर’. न शिकवलेल्या ॲपची नावे टॅगमध्ये भरू नयेत. दिशाभूल करणारी अधिमाहिती यूट्यूबच्या नियमांनुसार आक्षेपार्ह ठरते.

४.६ विसंगती कशी ओळखावी?

यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कोठपर्यंत थांबले याचा आलेख मिळतो. शीर्षकावर क्लिक करणारे बरेच असून पहिल्या ३० सेकंदांतच आलेख झपाट्याने उतरत असेल, तर शीर्षकाने एक सांगितले आणि पाठाने दुसरे दाखवले, अशी शंका घ्यावी. त्यानंतर प्रेक्षक कोणते शब्द शोधून आले, ती यादी पाहावी. तेथे ‘हिरव्या पडद्याशिवाय’ अशा अर्थाचे शब्द वारंवार दिसले, तर शंकेला पुष्टी मिळते आणि पूर्वअट शीर्षकात आणणे हा उपाय ठरतो. मात्र आलेख उतरण्यास लांबलेली प्रस्तावनाही कारणीभूत असू शकते. म्हणून अंतिम व्हिडिओ आरंभीच दाखवला आहे ना, हेही तपासावे.

४.७ सारांश

शीर्षकात ॲप, वैशिष्ट्य आणि परिणाम ही तीन पदे आरंभाकडे असावीत; आवश्यक तेथे पूर्वअटही असावी. पडद्यावरील नावे जशीच्या तशी लिहावीत. वर्णनात परिणामाची मर्यादा सांगावी. शीर्षकात जे सांगितले, ते पाठात प्रत्यक्ष दिसले पाहिजे.

४.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. शीर्षक (आ) मध्ये वैशिष्ट्याचे नाव नसल्याने कोणता प्रेक्षक चुकीने येतो? का?
२. क्रियापद शेवटी येण्याच्या मराठीच्या स्वभावाचा शीर्षकलेखनावर होणारा परिणाम स्पष्ट करा.
३. आपल्या मोबाईलमधील एका संपादन-ॲपचे एकच वैशिष्ट्य निवडा. त्यावरील पाठासाठी शीर्षक, दोन ओळींचे वर्णन आणि चार प्रकरणांची यादी लिहा.