मधल्याच बारा वर्षांचा महिना का होतो?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या १९९८ पासूनच्या ताळेबंदांची यादी मी एक्सेलमध्ये करते आहे. पहिल्या रकान्यात नुसती सुरुवातीची वर्षे आहेत. शेजारी आर्थिक वर्षे टाकताना १९९८-९९ आणि १९९९-०० नीट उमटली, पण २०००-०१ लिहिताच Jan-00 झाले. २०१२-१३ पासून पुन्हा सगळे सुरळीत. असे का?

उत्तर : कारण वर्षात दोन अंक उरले की एक्सेल ते महिन्याशी ताडून पाहते. ०१ ते १२ हे महिने असू शकतात, म्हणून २०००-०१ म्हणजे जानेवारी २००० असे त्याने धरले, आणि २०११-१२ म्हणजे डिसेंबर २०११. तेरावा महिना नाही, शून्यावा नाही, नव्व्याण्णवावा तर नाहीच, म्हणून बाकीची वर्षे वाचली. नुकसान नुसते दिसण्याचे नाही. त्या घरांत आता तारखा आहेत, त्यामुळे यादी चढत्या क्रमाने लावलीत तर हीच बारा वर्षे १९९८-९९ च्याही वर जाऊन बसतील. ओळखायची खूण सोपी आहे: तारीख घराच्या उजव्या कडेला टेकते, मजकूर डाव्या.

हाताने टाकूच नका. A2 मध्ये १९९८ असेल तर B2 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=A2&"-"&RIGHT(A2+1,2)
```

RIGHT उजवीकडचे दोन अंक उचलते, आणि & ने जोडलेला मजकूर मजकूरच राहतो, त्याची तारीख होत नाही. अनेक जण इथे MOD(A2+1,100) वापरतात. मग २००८ समोर 2008-9 येते, कारण बाकी काढताना पुढचे शून्य गळते. RIGHT मात्र २००९ मधले 09 जसेच्या तसे देते. म्हणून सूत्र ओढून झाले की २००८ ची ओळ आधी तपासा, मग १९९९ ची. तिथे 1999-00 यायला हवे. सभासदांना वाटायच्या अहवालात मात्र ते एकच वर्ष मी १९९९-२००० असे पूर्ण लिहीन. ‘००’ वाचताना माणूस अडखळतो.

जुन्या बिघडलेल्या बारा ओळी पुन्हा टंकायची गरज नाही. तुमचे शेवटचे वर्ष त्या तारखेच्या महिन्यात शाबूत आहे. तारीख B4 मध्ये असेल तर एखाद्या रिकाम्या रकान्यात हे लिहा, Jan-00 चे 2000-01 परत मिळेल:

```
=YEAR(B4)&"-"&TEXT(MONTH(B4),"00")
```

यादी लेखापरीक्षकांना पाठवताना सीएसव्ही करू नका. ती फाइल त्यांनी एक्सेलमध्ये नुसती उघडली तरी त्याच बारा वर्षांचे पुन्हा महिने होतील. एक्सेलची फाइलच पाठवा.