चेहरा ताणू नकोस गं

अगं, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरताना तुझा चेहरा भोपळ्यासारखा पसरट दिसतोय म्हणून रडतेस ना? चेहऱ्याचं काही बिघडलेलं नाही. तू स्टुडिओतला पासपोर्ट फोटो घेतलास आणि दाबून दोनशे बाय दोनशे तीसमध्ये बसवलास, एवढंच झालंय.

आपल्याकडे 'पासपोर्ट साइझ' म्हणतात तो फोटो ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच असतो. आयबीपीएसच्या फॉर्मला मात्र २०० बाय २३० पिक्सेल हवे असतात. ३५ आणि ४५ चं प्रमाण धरून रुंदी २०० ठेवलीस, तर उंची २५७ यायला हवी. फॉर्म २३० मागतो. ते जास्तीचे २७ पिक्सेल तू कापले नाहीस, दाबलेस, म्हणून गाल सुटले. माप चुकलं तर चालतं, ते नंतर बदलता येतं. प्रमाण चुकलं की चेहराच बदलतो.

म्हणून स्टुडिओतल्या छापील फोटोचा मोबाईलने फोटो काढत बसू नकोस, त्यावर ट्यूबलाइटची चमक येते. नवीन काढ. पांढऱ्या भिंतीपासून हातभर पुढे उभी राहा, म्हणजे मागे सावली पडणार नाही. दादाला दीड मीटरवरून मागच्या कॅमेऱ्याने काढायला सांग. सेल्फीत नाक मोठं येतं. डोक्यावर आणि खांद्यांच्या बाजूला भरपूर जागा सोडायला सांग. जास्तीची जागा कापता येते, नसलेली आणता येत नाही.

फोटो लॅपटॉपवर घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तो आधीच आक्रसून येतो. मग पेंटमध्ये उघड. सिलेक्शनची चौकट ओढताना खाली पट्टीत तिची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये दिसते, तिथे नजर ठेव. आधी नुसती मापून बघ: डोक्यावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंत किती पिक्सेल? समज, हजार भरले. चेहरा चौकटीच्या साधारण सत्तर टक्के उंची व्यापेल असं धरलं, तर चौकट १४३० उंच हवी. फॉर्मसाठी तिची रुंदी १४३० गुणिले २०० भागिले २३०, म्हणजे १२४३. केसांच्या वर सव्वाशे-दीडशे पिक्सेल सोड, बाकीची जागा मान-खांद्यांना जाऊ दे. चेहरा मधोमध आला की क्रॉप कर.

आता Resize उघड, Pixels निवड आणि Maintain aspect ratio ची खूण काढू नकोस. रुंदीत २०० लिही. उंची आपोआप २३० आली की समजायचं कापणी बरोबर झाली. २५७ आली तर तू पासपोर्टच्या प्रमाणात कापलंयस. मागे जा, चौकट रुंद कर. खूण काढून २३० ठोकून द्यायचा मोह होईल, बहुतेक जण तेच करतात आणि तिथेच चेहरा ताणला जातो.

नाव बदलून जेपीईजी म्हणून सेव्ह कर. फाइल २० ते ५० केबीमध्ये हवी. गंमत म्हणजे इतका छोटा फोटो कधी कधी वीसच्याही खाली जातो, आणि मग फॉर्म तोही नाकारतो. अशा वेळी मूळ कापणीवरून २४० बाय २७६ करून बघ, प्रमाण तेच राहतं. केबी म्हणजे फाइलचं वजन, पिक्सेल म्हणजे तिची लांबी-रुंदी. वजन कमी-जास्त करायला म्हणून प्रमाणाला हात लावायचा नाही.

छापायला मात्र वेगळी कापणी. तोच मूळ फोटो, तीच १४३० ची उंची, फक्त रुंदी १११२, म्हणजे खांदे थोडे कमी येतील. एका इंचाला तीनशे ठिपके या छपाईसाठी ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात, आपल्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर असे आठ फोटो बसतात. छापणाऱ्याला 'फिट टू पेज' नको, मूळ मापात काढा म्हणून बजाव, आणि दुकानातच फूटपट्टी लावून ३५ मिलिमीटर मोजून घे.

अमेरिकेच्या व्हिसाला यातलं काहीच चालत नाही बरं का. तिथे दोन इंचाचा चौरस लागतो आणि चष्माही काढावा लागतो. मूळ फोटो पुसू नकोस, त्यात चष्मा नसेल तर त्यातूनच चौरसही कापता येईल. आठ प्रतीही आत्ताच काढून ठेव. कॉल लेटरवर शक्यतो फॉर्ममधलाच फोटो चिकटवावा लागतो.