काचेला घाम की भिंतीला गळती?

प्रश्न : श्रावणात रात्री एसी लावला की खिडकीची काच बाहेरून ओली होते, शेजारच्या खोलीतली सामाईक भिंतही दमट लागते. छत गळतंय का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : काचेपुरतं तरी नाही. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली, तर २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. एसी २० वर असला की एकेरी काच सुमारे २४ अंशांपर्यंत उतरते. भिंतीचंही तेच; एसीचा झोत थेट अंगावर येत असेल तर जास्तच.

गळतीची खूण वेगळी. तिचा डाग एका जागी धरून असतो, कडा पिवळट-तपकिरी होतात, पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पोपडे निघतात. एसी बंद केला तरी ती ओल हटत नाही.

तरीही शंका उरली, तर भिंत पुसून तिथे वीतभर अॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावी. एसी नेहमीसारखा चालवून दुसऱ्या दिवशी पाहावं. फॉइल वरून ओली, तर पाणी हवेतलं. आतून ओली, तर भिंतीतलं. दोन्हीकडून ओली असेल तर दोन्ही दुखणी आहेत, आणि आधी गळतीच काढावी.

घाम थांबवायला एसी २६ वर ठेवावा, झोत भिंतीवरून वळवावा. खानदेशात उन्हाळ्यातला कूलर पावसाळ्यातही बंद खोलीत चालू राहतो. तो ओलावा वाढवतोच.