एसएमपीएस गेलाय, सर

‘एसएमपीएस गेलाय, सर.’ हे वाक्य मी २०११ च्या दिवाळीआधी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी इतक्या खात्रीनं बोललो होतो, की आजही आठवलं की कान गरम होतात. सांगलीतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी तेव्हा चार महिन्यांचा शिकाऊ पोरगा. एकट्यानं घरी जाऊन केलेला तो माझा पहिलाच कॉल.

सरांचा डेस्कटॉप ठार बंद होता. बटण दाबलं तरी पंखा नाही, दिवा नाही, टिक असा आवाजसुद्धा नाही. मी बोर्डाच्या सॉकेटात टेस्टर घातला, तो पेटला. त्याच बोर्डावरच्या मॉनिटरचा दिवाही लुकलुकत होता. म्हणजे वीज येतेय आणि कॅबिनेट मेलंय. कॅबिनेटमध्ये वीज घेणारा पहिला डबा म्हणजे एसएमपीएस, म्हणून तोच गेला. हिशोब मला चोख वाटला. भिंत आणि तो डबा यांच्यामध्ये दीड मीटरची एक काळी केबल असते, ती माझ्या हिशोबात आलीच नाही. डोळ्यांना ती लावलेली दिसत होती; हात मी लावला नाही.

पिशवीत नवा एसएमपीएस होताच. जुना काढला, नवा बसवला, मागे केबल खोचली, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन आली. काकूंनी चहा दिला. साडेआठशे रुपये आणि जुना डबा घेऊन मी ऐटीत दुकानात परतलो.

दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. त्यांनी पैशांकडे बघितलंच नाही. म्हणाले, “जुना आण इकडं.” एसएमपीएसच्या मोठ्या, चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी तार एकच असते. ती आणि शेजारची काळी तार क्लिपेनं जोडायची आणि मग वीज सुरू करायची, म्हणजे डबा मदरबोर्डाशिवाय चालू होतो. पंखा फिरला. पण नुसता पंखा फिरला म्हणून दादा समाधान मानणारे नव्हते, कारण ओझं पडल्यावर मान टाकणारे एसएमपीएस भरपूर असतात. त्यांनी तो दुकानातल्या एका जुन्या मशीनला जोडला, मल्टिमीटर लावला आणि तासभर चालवला. पिवळ्या तारेवर बारा व्होल्ट, लाल तारेवर पाच, काटेकोर. डबा ठणठणीत होता.

“मग नवा बसवल्यावर मशीन चालू कसं झालं?” मी विचारलं.

“अरे, तू तिथं दोन कामं केलीस. डबा बदललास आणि केबल काढून परत लावलीस. मोजलंस मात्र एकच.”

दुसऱ्या दिवशी दादा जुना डबा घेऊन स्वतः माझ्याबरोबर आले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढायच्या आधी काकूंना विचारलं, “बंद कधीपासून पडला?” काकू म्हणाल्या, “रंगवाले गेले ना, त्या दिवसापासून.” मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. रंगकामासाठी टेबल खोलीच्या मधे आलं होतं, नंतर परत भिंतीला सारलं होतं. आदल्या दिवशी मी काम करायला ते पुढं ओढलं आणि तिथंच सोडून आलो, म्हणून मशीन चालू राहिलं होतं.

दादांनी जुना एसएमपीएस परत बसवला आणि मशीन चालू करून बायोसच्या स्क्रीनवर थांबवलं, म्हणजे मधेच वीज गेली तरी सरांच्या फाइलींना धक्का नको. मग आम्ही दोघांनी टेबल हळूहळू मागं सारलं. केबल भिंतीला टेकली, वाकली, आणि मशीन फट्‌कन बंद. दादांनी मला गुडघ्यावर बसवून टॉर्च मारायला लावला. केबलचं टोक आणि कॅबिनेटचं सॉकेट यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. लांबून बघणाऱ्याला केबल लावलेलीच दिसणार. अंगठ्यानं दाबली तशी ती आत गेली, आणि बटण दाबल्यावर मशीन उठलं.

इतका खटाटोप का, मी वाटेत विचारलं. केबल दाबून चालू झालं तेव्हाच कळलं असतं की! त्यावर दादांनी जे सांगितलं ते मी आजही नव्या पोरांना सांगतो. विजेचा झटका बसला किंवा आत कुठं शॉर्ट झाला, तर एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून घेतो. केबल काढून थोडा वेळ थांबलं की ते कुलूप उघडतं. त्यामुळं केबल काढून लावल्यावर मशीन चालू झालं, याचा अर्थ केबल सैल होती असा होतोच असं नाही. बिघाड मुद्दाम परत घडवून दाखवता आला, तरच कारण सापडलं म्हणायचं.

तेव्हा दुकानाला फोन करण्याआधी घरच्या घरी काय बघायचं? बटण न दाबता आधी नुसते दिवे बघा. कॉम्प्युटर बंद असतानाही त्यात थोडी वीज खेळत असते. त्यामुळं बऱ्याच मशीनमध्ये माउसखालचा लाल दिवा किंवा मागे नेटच्या केबलजवळचा दिवा पेटलेला राहतो. असा एखादा दिवा दिसला, तर वीज आतपर्यंत पोचतेय, केबलला दोष देऊ नका, मेकॅनिकला बोलवा. एकही दिवा नसेल तर भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटात मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग बोर्डाचं बटण बंद करून केबल कॅबिनेटच्या मागून पूर्ण काढा आणि सरळ, जोर देऊन आत बसवा. तिथंच एसएमपीएसचं छोटं काळं बटणही असतं. साफसफाईत फडकं लागून ते बंद झालेलं मी कितीदा पाहिलंय. एवढ्यानं भागलं नाही तर मॉनिटरची केबल काढून कॅबिनेटला लावा, बहुतेक मॉनिटरला ती तशीच असते.

काढलेल्या केबलचं टोक मात्र नीट निरखा. सैल जोडात बारीक ठिणग्या पडतात, आणि सरांच्या केबलच्या एका भोकाची कड तपकिरी झाली होती. अशी केबल दाबून चालली तरी पुन्हा वापरायची नाही. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये केबल काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट शिल्लक असू शकतात.

मशीन दुकानात नेणार असाल तर घरची केबलही पिशवीत टाका. लोक नुसतं कॅबिनेट उचलून आणतात, आम्ही दुकानाची केबल लावतो, ते झकास चालतं. घरी गेलं की परत बंद! मग गिऱ्हाईक आम्हाला लबाड समजतं आणि आम्ही त्याला वेंधळा.

सरांना साडेआठशे रुपये मी माझ्या हातानं परत केले. दादांचा तसा हुकूमच होता. सर पैसे मोजत म्हणाले, “गणितात पोरं हेच करतात. उत्तर बरोबर, रीत चुकलेली. मी निम्मे गुण द्यायचो.” नव्या केबलचे शंभर रुपये त्यांनी दिले आणि नवा एसएमपीएस दुकानाच्या फळीवर परत गेला.

दर दिवाळीला रंगकाम, साफसफाई उरकली की दुकानाचे फोन खणखणू लागतात. तुमचाही नंबर लागलाच, तर आधी टेबल हातभर पुढं ओढा आणि केबलला अंगठा लावून बघा.