विद्यार्थ्यांची यादी पीडीएफमध्ये उतरविताना : मुद्रणक्षेत्र, रुंदी आणि शीर्षओळी

निवासी शाळेच्या कार्यालयात वर्षभर ज्या याद्या सिद्ध होतात, त्यांतील बहुतेक आज एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्येच तयार होतात. संगणकाच्या पडद्यावर ही यादी नीटनेटकी दिसते. मात्र तीच पीडीएफ करून वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविली की तिचे रूप पालटते. पहिल्या पानावर नावे येतात आणि त्याच विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा आठव्या पानावर जाऊन पडतात. दुसऱ्या पानापासून स्तंभांची शीर्षके नाहीशी होतात, आणि कोणता आकडा वजनाचा व कोणता हजेरीचा हे वाचणाऱ्याला कळेनासे होते. यामागचे कारण साधे आहे. पडद्यावरील तक्त्याला कागदाच्या कडा नसतात. पीडीएफला त्या असतात. या कडांशी तक्त्याचा मेळ तीन गोष्टींनी घालावयाचा असतो : मुद्रणक्षेत्र, रुंदीनुसार आकार आणि प्रत्येक पानावर पुन्हा येणाऱ्या शीर्षओळी. या तिन्हींचा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण पहिलीवर दुसरी अवलंबून असते आणि दुसरीवर पानांची विभागणी.

विवेचनासाठी एक यादी समोर ठेवू. वसतिगृहातील १८६ विद्यार्थी. पहिल्या दोन ओळींत शाळेचे नाव व यादीचा विषय, तिसऱ्या व चौथ्या ओळीत स्तंभांची शीर्षके, पाचव्या ओळीपासून १९० व्या ओळीपर्यंत विद्यार्थी. `A` ते `L` या बारा स्तंभांत अनुक्रमांक, नोंदवहीतील क्रमांक, नाव, जन्मतारीख, इयत्ता, गाव, पालकांचे नाव इत्यादी माहिती. `N` या स्तंभात मात्र अधीक्षकांनी स्वतःच्या सोयीसाठी काही टिपा लिहून ठेवलेल्या आहेत : कोणाला दम्याचे औषध चालू आहे, कोणाच्या घरी नुकतेच दुःखद प्रसंग घडले आहेत. ही माहिती अधीक्षकांजवळ असावयासच हवी. परंतु शिष्यवृत्तीच्या यादीबरोबर ती बाहेर जाणे योग्य नव्हे.

म्हणून आरंभ मुद्रणक्षेत्रापासून करावा. `A1` पासून `L190` पर्यंतचा भाग निवडून `Page Layout` या पट्टीतील `Print Area` वर जावे आणि `Set Print Area` निवडावे. यानंतर छपाई होवो वा पीडीएफ, एवढाच भाग उतरतो. `N` मधील टिपा जागच्या जागी राहतात. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. मुद्रणक्षेत्र केवळ पीडीएफची व छपाईची हद्द ठरविते. मूळ एक्सेल फाइलच ईमेलने धाडली, तर टिपाही तिच्यासोबत गेल्याच.

मुद्रणक्षेत्राची खरी अडचण पुढे, वर्षाच्या मध्यात उद्भवते. ऑगस्टमध्ये तीन नवे विद्यार्थी दाखल झाले. त्यांची नावे १९१, १९२ व १९३ या ओळींत लिहिली गेली. पडद्यावर यादी पूर्ण दिसते. पण मुद्रणक्षेत्र `L190` वरच थांबलेले असते. पीडीएफ निघते, कोणतीही सूचना येत नाही आणि तीन मुले यादीबाहेर राहतात. यादी शिष्यवृत्तीची असेल, तर या तिघांच्या वाट्याला काय येईल ते सांगावयास नको. क्षेत्राच्या खाली लिहिलेल्या ओळी एक्सेल आपण होऊन त्यात घेत नाही. क्षेत्राच्या आत मात्र नवी ओळ घातली, तर क्षेत्र तेवढे वाढते. या गुणाचा उपयोग करून घेता येतो. विद्यार्थ्यांच्या शेवटच्या ओळीनंतर १९१ वी ओळ रिकामी ठेवावी, १९२ व्या ओळीत ‘एकूण विद्यार्थी’ असे लिहावे आणि तिच्या `C` स्तंभात, म्हणजे नावांच्या स्तंभात, पुढील सूत्र द्यावे :

```
=COUNTA(C5:C191)
```

मुद्रणक्षेत्र `A1` ते `L192` असे ठरवावे. नवा विद्यार्थी आला की रिकाम्या ओळीवर उजवी कळ दाबून `Insert` करावे व त्या नव्या ओळीत नाव लिहावे. ओळ दोन्ही हद्दींच्या आत पडल्यामुळे मुद्रणक्षेत्रही वाढते आणि सूत्रही. शिवाय पीडीएफच्या शेवटच्या पानावर एकूण संख्या छापलेली येते. ती ओळ दिसली नाही, तर यादी मध्येच तुटली आहे हे पाहताक्षणीच समजते.

आता रुंदी. आपल्या बारा स्तंभांची मिळून रुंदी ३५५ मिलीमीटर आहे असे धरू. ए-फोर कागद २१० मिलीमीटर रुंद व २९७ मिलीमीटर उंच असतो. डाव्या-उजव्या समासांसाठी मिळून १३ मिलीमीटर सोडले, तर उभ्या कागदावर १९७ मिलीमीटर उरतात. ३५५ ला १९७ मध्ये बसवावयाचे म्हणजे तक्ता सुमारे ५५ टक्क्यांवर आणावा लागेल, आणि ११ पॉइंटची अक्षरे ६ पॉइंटची होतील. इंग्रजी आकडे तेवढ्यात कसेबसे वाचता येतात. देवनागरीत मात्र मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. ‘शिंदे’ की ‘शिदे’ हे भिंगाविना कळत नाही. कागद आडवा केला, तर २८४ मिलीमीटर मिळतात, प्रमाण ८० टक्के येते आणि अक्षर जवळजवळ ९ पॉइंटचे राहते. तेव्हा `Orientation` मध्ये `Landscape` व `Size` मध्ये `A4` हे आधी ठरवावे. पुष्कळदा तेथे `Letter` हा अमेरिकी आकार पूर्वीपासून निवडलेला असतो, तोही पाहून घ्यावा.

त्यानंतर `Page Layout` पट्टीतच `Width` पुढे `1 page` आणि `Height` पुढे `Automatic` निवडावे. याचा अर्थ असा की सर्व स्तंभ एका पानाच्या रुंदीत बसवावेत आणि उंचीला मात्र हवी तितकी पाने लागू द्यावीत. ‘उंची मोकळी’ हाच यातील मर्माचा भाग आहे. छपाईच्या पडद्यावर `Fit Sheet on One Page` असाही एक पर्याय असतो आणि त्याचे नाव मोहात पाडणारे आहे. तो निवडला की १९२ ओळी एकाच पानात कोंबल्या जातात. प्रत्येक ओळ २० पॉइंट, म्हणजे सुमारे ७ मिलीमीटर उंच धरली, तर एकूण उंची साडेतेराशे मिलीमीटर होते. आडव्या कागदावर तिला जेमतेम १७२ मिलीमीटर जागा मिळते. तक्ता १३ टक्क्यांच्याही खाली उतरतो आणि कागदावर राखाडी पट्ट्याखेरीज काही दिसत नाही. त्याच यादीतील `Fit All Columns on One Page` हा पर्याय मात्र आपल्याला हवा तोच परिणाम देतो.

मुद्रणक्षेत्र आधी का, हेही येथे स्पष्ट होते. ते ठरविलेले नसेल, तर `N` मधील लांबलचक टिपाही रुंदीत धरल्या जातात आणि त्या सामावून घेण्यासाठी सारा तक्ता आणखी लहान होतो. प्रमाण अकारण घटलेले दिसले, तर प्रथम दूर उजवीकडच्या एखाद्या स्तंभात विसरलेला मजकूर आहे का, ते पाहावे. उलटपक्षी, तक्ता मुळात अरुंद असेल, तर ही सोय त्याला ताणून पानभर करीत नाही. ती केवळ लहान करते.

तिसरी गोष्ट शीर्षओळींची. `Freeze Panes` वापरून पडद्यावर शीर्षके स्थिर केली म्हणजे ती कागदावरही येतील, असा समज फार पसरलेला आहे. परंतु त्या सोयीचा संबंध केवळ पडद्याशी असतो. कागदासाठी `Page Layout` मधील `Print Titles` उघडावे आणि `Rows to repeat at top` या जागी पुढीलप्रमाणे लिहावे :

```
$3:$4
```

येथे `$1:$4` न लिहिता `$3:$4` लिहिले आहे, ते हेतुपुरस्सर. शाळेचे नाव पहिल्या पानावर पुरेसे आहे. स्तंभांची शीर्षके मात्र प्रत्येक पानावर हवीत. पहिल्या पानावर ती आपल्या मूळ जागीच येतात, दोनदा छापली जात नाहीत. कित्येकजण छपाईच्या पडद्यावरील `Page Setup` या दुव्यावरून येथे पोहोचतात आणि तेव्हा ही जागा फिकट, निष्क्रिय दिसते. सोय बिघडलेली नसते. त्या वाटेने ती उघडत नाही, इतकेच. मागे येऊन `Print Titles` वरून गेले की ती खुली असते.

आता पानांचा हिशेब जुळवून पाहू. ८० टक्क्यांवर ७ मिलीमीटरची ओळ साधारण ५.६ मिलीमीटरची होते आणि १७२ मिलीमीटरमध्ये अशा ३० ओळी बसतात. पहिल्या पानावर चार ओळी वरच्या मजकुरात जातात, म्हणून २६ विद्यार्थी. पुढील प्रत्येक पानावर दोन शीर्षओळी वजा जाता २८. सहा पानांत १६६ विद्यार्थी होतात, उरलेले २० आणि एकूण संख्येची ओळ सातव्या पानावर. पीडीएफ याच्या दुप्पट वा त्याहून अधिक पानांची निघाली, तर एखादा स्तंभ रुंदीबाहेर गेला आहे, म्हणजे `Width` ची निवड झालेली नाही, असे ओळखावे.

पीडीएफ करताना `File`, मग `Export`, मग `Create PDF/XPS` असे जावे आणि जतन करण्यापूर्वी `Options` उघडून पाहावे. तेथे `Ignore print areas` या चौकटीत खूण असेल, तर आपले सारे मुद्रणक्षेत्र व्यर्थ जाते आणि खासगी टिपांसह संपूर्ण पत्रक बाहेर पडते. ती चौकट रिकामी असावी.

लिब्रेऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांना हेच तीन संस्कार वेगळ्या ठिकाणी सापडतील. `Format` मधील `Print Ranges` येथे क्षेत्र ठरविता येते आणि त्यातीलच `Edit` मध्ये पुन्हा येणाऱ्या ओळी देता येतात. रुंदीची सोय मात्र `Page Style` च्या `Sheet` या भागात आहे. तेथे पानांची रुंदी १ लिहून उंचीची जागा रिकामी सोडावी.

तयार झालेली पीडीएफ उघडून तीन ठिकाणी नजर टाकावी. दुसऱ्या पानाचा माथा : शीर्षके आली आहेत का? जन्मतारखांचा स्तंभ : कोठे तारखेऐवजी `####` तर उमटलेले नाही? तसे असल्यास स्तंभ किंचित रुंद करावा. पडद्यावर जेमतेम बसलेली तारीख कागदाच्या मापात कधी कधी बसत नाही. आणि शेवटचे पान : शेवटचा अनुक्रमांक व एकूण संख्या हजेरीपटाशी जुळते का? ऑगस्टनंतरच्या यादीत तेथे १८९ हाच आकडा दिसला पाहिजे.