बाजाराची बातमी घरच्यांना कशी कळवावी?

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. आईबाबा, मोठे बाबा आणि काकू घाटंजी तालुक्यात राहतात. घरची कापसाची शेती आहे आणि माझ्या सांगण्यावरून बाबांनी थोडे पैसे म्युच्युअल फंडातही टाकले आहेत. रोज संध्याकाळी मी घरच्या ग्रुपवर बाजाराच्या बातम्या टाकतो. एक तर कोणी वाचत नाही, आणि वाचले तर घाबरून फोन येतो. त्यांना समजेल असा मेसेज कसा लिहावा? (एक वाचक)

उत्तर : बातमी सोपी करायची म्हणून तुम्ही ती लहान करत असाल, पण लहान केल्याने ती सोपी होत नाही. घरच्या माणसाला तीनच गोष्टी हव्या असतात: हे माझ्या कापसाला लागू आहे का, असेल तर क्विंटलमागे किती रुपये, आणि कधी. एखाद्या खऱ्या दिवसावर हे करून पाहू.

19 ऑगस्ट 2025. केंद्र सरकारने परदेशातून येणाऱ्या कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क 30 सप्टेंबरपर्यंत माफ केले. अमेरिकेने भारतीय मालावर कर वाढवल्याने कापड उद्योग अडचणीत होता, म्हणून ही सूट. ‘आयात शुल्क माफ, कापूस दर दबावात’ एवढाच मथळा तुम्ही ग्रुपवर टाकला असता, तर मोठ्या बाबांना आजच्या आज नुकसान झाल्यासारखे वाटले असते. पण ऑगस्टच्या मध्यात यवतमाळ जिल्ह्यातला कापूस शेतात उभा असतो. वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते. त्या दिवशी त्यांच्या घरात विकायला कापूसच नव्हता. म्हणून मेसेज असा हवा होता:

‘राम राम मोठे बाबा. सरकारने बाहेरच्या कापसावरचा कर 30 सप्टेंबरपर्यंत काढला आहे. गिरण्यांना बाहेरची रुई स्वस्त पडेल. आपला कापूस अजून झाडावर आहे, त्यामुळे आज आपले काही गेलेले नाही. परिणाम झालाच तर वेचणीनंतर व्यापाऱ्याच्या भावात दिसेल. हमीभाव बदललेला नाही. लांब धाग्याला 8,110 आणि मध्यम धाग्याला 7,710 रुपये क्विंटल.’

यात भाव नक्की पडेल असे कुठेही म्हटलेले नाही. तुम्हाला ते माहीत नाही आणि कोणालाच नसते. तुमचा अंदाज घरी आज्ञेसारखा ऐकला जातो. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने ‘भाव पडणार’ लिहिले की बाप घाईने माल काढतो.

आता रुपयांचा हिशोब. रुईचे भाव बातमीत खंडीवर येतात. ही खंडी म्हणजे सुमारे 356 किलो रुई, आणि आपण विकतो तो सरकीसकट कापूस. एका क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. म्हणजे रुई खंडीमागे 1,000 रुपयांनी उतरली, तर किलोला सुमारे 2 रुपये 80 पैसे उतरली. 34 किलोंचे झाले 95 रुपये. ढोबळ नियम म्हणून खंडीचा आकडा दहाने भागा, जवळपास क्विंटलचा फरक मिळतो. ‘हजारांनी कोसळली’ वाचून छातीत धस्स होते, तर ‘क्विंटलमागे शंभरेक रुपयांचा फरक पडू शकतो’ यावर माणूस विचार करू शकतो. मेसेजमध्ये खंडी हा शब्दच नको, कारण जुन्या माणसांच्या डोक्यात धान्याच्या मापाची खंडी असते.

या हिशोबाला मर्यादा आहे. कापसाच्या वजनाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग सरकीचा असतो. रुई उतरलेली असताना सरकी चढली, तर जिनिंगवाला कापसाचा भाव तितका खाली आणत नाही. म्हणून ‘जवळपास’ हा शब्द गाळू नका.

दुसरी गोष्ट, बातमी बदलते. 28 ऑगस्टला सरकारने ही सूट 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. कागदावर फक्त तारीख बदलली, पण कापूस पिकवणाऱ्यासाठी ही बातमी पहिल्यापेक्षा मोठी होती. 30 सप्टेंबरची मुदत असताना नव्याने सौदा करून दूर देशातून जहाज वेळेत आणणे गिरण्यांना अवघड होते. 31 डिसेंबर म्हणजे विदर्भाची वेचणी जोरात असताना बाहेरचा माल येत राहणार. हा मेसेज जुन्याचा धागा धरूनच लिहावा लागतो:

‘मोठे बाबा, 19 तारखेला मी 30 सप्टेंबर कळवले होते. ती मुदत आता 31 डिसेंबर झाली. आपली वेचणी याच काळात येते, म्हणून यंदा व्यापाऱ्याचा भाव हमीभावाच्या खाली राहू शकतो. सीसीआयला विकायची तयारी ठेवू. ई-पीक पाहणीत आपला कापूस नोंदला आहे का, ते बाबांनी बघावे.’

इथे ‘बाबांनी बघावे’ महत्त्वाचे. ग्रुपवर काम सांगताना नाव घेतले नाही, तर ते कोणीच करत नाही. पुढे सीसीआयने ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आवश्यक केली, तेव्हा ज्यांची कागदपत्रे आधीच तयार होती त्यांची धावपळ वाचली.

हमीभाव सांगताना ओलाव्याचेही सांगा. सीसीआय 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्यावरच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कापते आणि 12 टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाही. 11 टक्के ओलाव्याच्या कापसाला 8,110 मधून 243 रुपये जातात, हाती 7,867 येतात. हे आधी कळवले नाही, तर केंद्रावर कापूस नेल्यावर ‘तू तर 8,110 म्हणाला होतास’ असा फोन येतो आणि पुढचा कोणताही मेसेज कोणी मानत नाही.

बाजार समितीचा भाव कळवताना जास्तीत जास्त दर पाठवू नका. तो एखाद्या उत्तम गाडीला मिळालेला असतो. सर्वसाधारण दर पाठवा आणि बाजार समितीचे नाव व तारीख लिहा. तारखेविना पाठवलेला भाव चार दिवसांनी तिसऱ्याच्या फोनवरून ‘आजचा’ म्हणून परत येतो.

बाबांच्या फंडाबद्दल थोडक्यात. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स 4,390 अंकांनी पडून 72,079 वर बंद झाला. अंक घरी कळवू नयेत. ही घसरण पावणेसहा टक्क्यांच्या आसपास होती. ‘शेअरमध्ये लाख रुपये असतील तर आज कागदावर ते सुमारे 94,000 दिसतील, विकले नाहीत तर तोटा पक्का झालेला नाही’ एवढे पुरे. फंड प्रत्येक वेळी सेन्सेक्सइतकाच हलतो असे नाही, तेही सांगा. 7 जूनला सेन्सेक्स 76,693 वर, पडण्याआधीच्या पातळीच्याही वर बंद झाला. पण दर वेळी तीन दिवसांत असे होत नाही, म्हणून ‘लगेच वर येईल’ असे वचन देऊ नका.

रोज मेसेज लिहिण्याची गरज नाही. वर्षातल्या बऱ्याच दिवशी बाजारात घरच्यांच्या कामाचे काही घडत नाही. त्या दिवशी काही पाठवू नका, आणि हंगामात फक्त जवळच्या बाजार समितीचा सर्वसाधारण दर तारखेसह पाठवा.